बिलावरची कंपनी आणि राजपत्रातली कंपनी

गेल्या उन्हाळ्यात एक यंत्रमागवाले आबा माझ्या टेबलावर स्पीड पोस्टाचं पाकीट ठेवून बसले. पाकीट त्यांनीच धाडलेलं आणि त्यांच्याच हाती परत आलेलं. पोस्टमननं वर लिहिलं होतं, ‘पत्त्यावर कोणी नाही’. आत उधारीची मागणी होती. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीनं बीम दिले, आबांनी २४ मागांवर कापड विणलं, ताके गेले, चलनांवर सह्या झाल्या, पण दोन महिन्यांची मजुरी अडकली ती अडकलीच. रक्कम ३ लाख ८४ हजार. फोन आधी उचलले जात होते, मग वाजून थांबायला लागले, मग बंदच.

“गॅझेटला बघा की,” आबा म्हणाले. “कंपनी बुडाली आसंल तर गॅझेटला आलं आसंल.”

आमच्या विट्यात गॅझेट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दाखल्यावरचं नाव येतं. शाळेत ‘बाळू’ लागलेलं, आधारला ‘बाळासाहेब’ झालेलं, मग ‘गॅझेट करून’ सरळ केलेलं. ते महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, त्याचा भाग दोन. त्याच राज्य राजपत्राच्या विभागीय पुरवणीत सहकारी संस्थांच्या अवसायनाच्या आणि नोंदणी रद्द झाल्याच्या सूचना येतात. आपल्या भागात सूतगिरणी, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था, दूध संस्था असं बरंच काही सहकारातलं आहे, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून टाकतो: तुमची उधारी सहकारी संस्थेकडे असेल तर पुणे विभागाची पुरवणी आणि उपनिबंधकांचं कार्यालय, ही तुमची वाट. नावापुढे ‘लिमिटेड’ अथवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल आणि ‘सहकारी’ हा शब्द कुठेच नसेल तर ती केंद्राच्या कायद्याखालची कंपनी. तिची सूचना भारताच्या राजपत्रात येते, आणि ते हिंदी-इंग्रजीत निघतं, मराठीत नाही. विट्याच्या माणसाचा पहिला गोंधळ या दोन राजपत्रांमध्येच होतो. मीही सुरुवातीच्या वर्षांत एका पार्टीचं नाव राज्याच्या राजपत्रात आठवडाभर शोधत बसलो होतो.

आबांच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न होते. कंपनीनं नाव बदललंय का? कंपनी न्यायाधिकरणाच्या आदेशानं गुंडाळली जातेय का? की नोंदवहीतून तिचं नाव काढून टाकायचं घाटतंय, ज्याला आम्ही सगळे सरळ ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणतो? तिन्हींची उत्तरं एकाच राजपत्रात मिळतील असं लोक धरून चालतात. तसं होत नाही.

नावापासून सुरुवात करू, कारण आबांचं प्रकरण तिथंच अडलं होतं. माणसाच्या नावाला राजपत्र लागतं. कंपनीच्या नावाला २०१३च्या कंपनी कायद्यात तशी अटच नाही. कंपनी विशेष ठराव करते, केंद्र सरकारची मंजुरी घेते, आणि निबंधक तिला नव्या नावाचं प्रमाणपत्र देतो. संपलं. राजपत्रात ओळ नाही. कायद्यानं एकच सोय ठेवली आहे: नाव बदलल्यावर पुढची दोन वर्षं फलकावर, पत्रावर, बिलावर नव्या नावासोबत जुनं नावही छापलं पाहिजे. ही अट मोठ्या कंपन्या पाळतात. लहान कंपन्यांची बिलं मी रोज पाहतो, त्यांच्यावर ‘पूर्वीचे नाव’ अशी ओळ मला क्वचितच दिसलेली आहे.

नाव किती फसवं असतं हे पाहायला लांब जायला नको. विट्याहून तासाभराच्या अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. किर्लोस्कर ब्रदर्सचा कंपनी ओळख क्रमांक, ज्याला सगळे सीआयएन म्हणतात, असा आहे: L29113PN1920PLC000670. पहिलं L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. नोंदलेली नसेल तर U. पुढचे पाच आकडे धंद्याचे, PN म्हणजे पुण्याच्या निबंधकाकडची, १९२० हे नोंदणीचं साल, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड, आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक. आता त्याच घराण्यातली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स घ्या. इंजिनं १९४६पासूनची, पण आज त्या नावाच्या कंपनीच्या सीआयएनमध्ये साल दिसतं २००९. झालं असं की २००९ साली ‘किर्लोस्कर इंजिन्स इंडिया’ नावाची नवी कंपनी काढली गेली, इंजिनांचा धंदा तिच्याकडे वळवला, आणि २०१०मध्ये तिला ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ हे जुनं, माहितीचं नाव दिलं. ज्या कंपनीचं ते नाव होतं ती झाली ‘किर्लोस्कर इंडस्ट्रीज’, आणि तिच्या सीआयएनमध्ये साल आहे १९७८. हे सगळं उघड, न्यायालयाच्या मंजुरीनं झालेलं, त्यात लपवाछपवी काही नाही. पण नुसत्या नावावरून शोधणारा माणूस २००८च्या कागदावरची आणि २०१२च्या कागदावरची कंपनी एकच समजेल, आणि त्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. तसं पाहिलं तर सीआयएनचेही काही तुकडे बदलतात. धंदा बदलला, प्रायव्हेटची पब्लिक झाली, की मधली अक्षरं हलतात. पण राज्यातल्या राज्यात शेवटचे सहा आकडे आणि साल टिकून राहतं. म्हणून राजपत्र उघडण्याआधी हातात सीआयएन हवा.

आबांच्या बिलांवर तो नव्हता. होतं फक्त कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक. मी त्या नावानं शोधलं. कंपनी खात्याच्या साइटवर त्या नावाची चालू कंपनीच नाही. आबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे पार्टीचा पॅन, आणि कंपनीचं नाव बदललं म्हणून पॅन बदलत नाही. पॅनचं चौथं अक्षर C असेल तर ती कंपनी, F असेल तर भागीदारी फर्म. हे अक्षर पाहायची सवय लावून घ्यावी. ‘अमुक टेक्स्टाइल्स’ असं नाव ऐकून कंपनी समजलेली कितीतरी दुकानं भागीदारीची अथवा एकट्या मालकाची निघतात, आणि मग राजपत्र पाहण्यात अर्थच नसतो. आबांच्या पार्टीचं चौथं अक्षर C होतं. जीएसटीच्या साइटवर तो क्रमांक टाकला, तर कायदेशीर नावाच्या रकान्यात वेगळंच नाव आलं. ना कापडाशी संबंध, ना जुन्या नावाशी. नव्या नावानं कंपनी खात्याची साइट उघडली, सीआयएन मिळाला, पत्ता मिळाला, आणि स्थितीच्या ओळीत लिहिलेलं दिसलं: Under Process of Striking Off.

म्हणजे कंपनी मेलेली नव्हती. मरणाचा अर्ज करून बसली होती. आणि इथून पुढे राजपत्र खरोखर कामाचं होतं.

नाव काढून टाकायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही २०१३च्या कायद्याच्या कलम २४८मध्ये आहेत. एक वाट निबंधकाची स्वतःची. नोंदणी झाल्यापासून वर्षभरात धंदाच सुरू केला नाही, अथवा सलग दोन आर्थिक वर्षं धंदा नाही आणि ‘सुप्त कंपनी’ म्हणून अर्जही नाही, अशा कारणांनी निबंधक आधी कंपनीला आणि संचालकांना STK-1 नमुन्यात पत्र पाठवतो आणि ३० दिवस देतो. उत्तर नाही आलं तर जाहीर सूचना, नमुना STK-5. दुसरी वाट कंपनीची स्वतःची. देणी सगळी मिटवायची, सभासदांची संमती घ्यायची, STK-2 नमुन्यात अर्ज करायचा, १० हजार रुपये भरायचे. मग जी जाहीर सूचना निघते तिचा नमुना STK-6. दोन्ही सूचना तीन ठिकाणी आल्या पाहिजेत: कंपनी खात्याच्या साइटवर, भारताच्या राजपत्रात, आणि राज्यात खपणाऱ्या एका इंग्रजी व एका मराठी दैनिकात. हे शेवटचं वाचून आबा म्हणाले, “मग आमाला का दिसली न्हाई?” नियमात ‘राज्यात’ खपणारं दैनिक म्हटलंय, ‘जिल्ह्यात’ नाही. मुंबईच्या आवृत्तीत, आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात आली तरी नियम पुरा होतो. विट्यात सकाळी येते ती सांगलीची आवृत्ती.

आबांच्या पार्टीनं दुसरी वाट धरली होती. हे ओळखायला सूचनेचा वरचा मथळा आणि पोटकलम पाहायचं: २४८(१) म्हणजे निबंधकानं काढलेलं नाव, २४८(२) म्हणजे कंपनीनं स्वतः मागितलेलं. हा फरक नुसता कागदी नाही. पहिल्या प्रकारात बरेचदा कंपनी नुसती आळसानं मागे पडलेली असते. दुसऱ्या प्रकारात संचालकांनी हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, आणि अर्जाच्या आधीच्या ३० दिवसांतल्या तारखेचं मालमत्ता-देण्यांचं पत्रक सीएच्या सहीनं जोडलेलं असतं. म्हणजे आबांचे ३ लाख ८४ हजार बाकी असताना कोणीतरी शपथेवर लिहून दिलं होतं की देणं काही नाही.

नावबदलाचा आणि या अर्जाचा धागाही इथंच जुळला. कलम २४९ सांगतं की मागच्या तीन महिन्यांत नाव बदललं असेल तर कंपनीला असा अर्ज करता येत नाही. आबांच्या पार्टीनं नोव्हेंबरात नाव बदललं आणि एप्रिलात अर्ज केला. तीन महिने व्यवस्थित जाऊ दिलेले. हेतूबद्दल मी काही सिद्ध करू शकत नाही. पण जुन्या नावानं राजपत्र पाहत बसलेल्या प्रत्येक देणेकऱ्याला ती सूचना दिसणार नव्हती, एवढं नक्की.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. भारताचं राजपत्र २०१५च्या ऑक्टोबरपासून छापलं जात नाही, फक्त egazette.gov.in वर निघतं. प्रत्येक अंकाला ओळख क्रमांक असतो. CG-DL-W असेल तर तो साप्ताहिक अंक, CG-DL-E असेल तर असाधारण, आणि त्यापुढचे आठ आकडे म्हणजे तारीख. साइटवर मंत्रालय निवडता येतं, तारखांची मर्यादा घालता येते. कंपनीचं नाव टाकून मात्र शोध घेऊ नका. सूचनेच्या पीडीएफमध्ये शेकडो कंपन्यांचा तक्ता असतो, अनेकदा तो स्कॅन केलेला असतो, आणि शोधपेटीला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. हिंदी मजकुरात नाव असेल तर त्याची वर्णरचना हिंदी वळणाची. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘आलं नाही’ असा घेणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. म्हणून मी उलट्या दिशेनं जातो. आधी कंपनी खात्याच्या साइटवर स्थितीची ओळ पाहायची. तिथं ‘Active’शिवाय दुसरं काही दिसलं तर त्याच साइटवरच्या कलम २४८च्या सूचनांची यादी उघडायची, सीआयएनचे शेवटचे सहा आकडे डोळ्यानं शोधायचे, सूचनेचा क्रमांक आणि तारीख टिपायची, आणि मगच त्या तारखेच्या आसपासचे राजपत्राचे अंक काढायचे. आबांची कंपनी तक्त्यात तिसऱ्या पानावर निघाली. सूचनेची तारीख ६ मे. आबा माझ्याकडे आले २७ मेला.

आक्षेपाला मुदत ३० दिवस. साइटवरची तारीख आणि राजपत्रातली तारीख यांत काही दिवसांचं अंतर पडू शकतं, तेव्हा जी आधीची असेल तीच धरून मोजावं. एका दिवसासाठी वाद घालण्याची हौस कोणाला? आमच्या हातात नऊ दिवस होते.

पुढची खाच पत्त्याची. सांगली-साताऱ्याच्या कंपन्या पुण्याच्या निबंधकाखाली येतात, कार्यालय आकुर्डीला. सगळे सवयीनं तिकडेच टपाल टाकतात. पण १ मे २०२३पासून कंपनीनं स्वतः केलेले अर्ज हरियाणात, मानेसरला, सी-पेस नावाच्या स्वतंत्र केंद्रात जातात. सूचना STK-6 असेल तर आक्षेप तिकडे जायला हवा. आकुर्डीला पाठवलेलं पत्र वाटेत फिरत राहतं आणि तेवढ्यात महिना संपतो. सूचनेच्या तळाशी ईमेल आणि टपालाचा पत्ता असतोच, तो अक्षर न अक्षर उतरवून घ्यायचा.

आक्षेपात आम्ही काय लिहिलं? फार काही नाही. वर कंपनीचा सीआयएन, नवं नाव, जुनं नाव, सूचनेचा क्रमांक आणि तारीख. मग चार ओळींत हकिगत. बिलांचा तक्ता: क्रमांक, तारीख, मीटर, रक्कम, आलेले पैसे, बाकी. सोबत चलनांच्या प्रती, बँकेचा उतारा ज्यात त्याच पार्टीकडून आधी आलेले पैसे दिसतात, आणि जीएसटीच्या साइटवरचं पान ज्यानं जुनं नाव आणि नवं नाव एकाच क्रमांकाला बांधलं जातं. हे शेवटचं पान नसतं तर समोरच्या बाबूला आबांची बिलं भलत्याच कंपनीची वाटली असती. आक्षेपात शिव्याशाप, ‘गरीब यंत्रमागधारक’, ‘न्याय मिळावा’ असलं काही नको. निबंधक हा वसुलीचा अधिकारी नाही. तो आबांना पैसे देववू शकत नाही. त्याचं काम एवढंच की नाव काढण्याआधी देण्यांची पुरेशी तजवीज झाली आहे याची खात्री करणं, कलम २४८(६). बाकी असलेला देणेकरी पुराव्यासह समोर उभा असेल तर ती खात्री तो कशी करणार? एवढ्यावर आक्षेपाचं वजन आहे.

ही मुदत हुकली असती तर काय, हेही आबांना समजावून सांगावं लागलं. तीस दिवस गेले, आक्षेप नाही, की निबंधक नाव काढतो आणि STK-7 नमुन्यात शेवटची सूचना राजपत्रात छापतो. कायद्याचे शब्द नेमके आहेत: राजपत्रात ही सूचना प्रसिद्ध झाली की कंपनी विसर्जित. आदेशावर सही झाली तेव्हा नाही, साइटवर दिसलं तेव्हा नाही. राजपत्राच्या तारखेला इतकं महत्त्व का, याचं एक उदाहरण कंपनी कायद्याबाहेरचं आहे, पण मला ते फार आवडतं. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ला पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावणारी अधिसूचना निघाली. ती ई-राजपत्रात चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, त्याआधी ज्यांनी कस्टमला कागद दिले होते त्यांचं काय? सुप्रीम कोर्टानं २०२०मध्ये सांगितलं की नवं शुल्क त्यांना लागू नाही. नुसता दिवस धरून भागलं नाही, मिनिटांचा हिशेब झाला.

STK-7नंतरही दार पूर्ण बंद होत नाही. संचालकांची आणि सभासदांची जी काही देणेदारी होती ती तशीच राहते, जणू कंपनी विसर्जित झालीच नाही. आणि कलम २५२खाली देणेकरी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाऊन कंपनीचं नाव पुन्हा नोंदवहीत घालून मागू शकतो. त्याला मुदत २० वर्षं, आणि ती मोजायची राजपत्रातल्या सूचनेपासून. ‘वीस वर्षं’ ऐकून लोक निवांत होतात, ते चुकीचं. कंपनी जिवंत करायची मुदत वीस वर्षांची असली तरी उधारीच्या दाव्याची साधी मुदत तीनच वर्षांची असते. नाव परत आलं तरी शिळ्या उधारीचा प्रश्न वेगळा उभा राहतो. शिवाय पावणेचार लाखांसाठी मुंबईला वकील लावणं म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग.

यादीत नाव दिसलं म्हणजे लबाडी, असंही नाही. २०१७मध्ये केंद्रानं एका दमात २ लाख ९ हजार ३२ कंपन्यांची नावं काढली आणि त्यांच्या बँक खात्यांवर निर्बंध घातले. तेव्हा आमच्याकडे रांग लागली होती. त्यात कागदोपत्री कंपन्या होत्या तशा वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्या, पण विवरणपत्रं भरायची राहून गेलेल्याही होत्या. त्यांतल्या अनेक न्यायाधिकरणाकडून नाव परत मिळवून आल्या, आणि असा आदेशही निबंधकाला राजपत्रात छापावा लागतो. म्हणून जुनी STK-7 सापडली तरी लगेच डोक्याला हात लावू नका, आजची स्थिती पुन्हा पाहा. उलट बाजूनं, कंपनीवर बँकेचा बोजा नोंदलेला असून तो फिटलेला नसेल तर नियमाप्रमाणे तिचं नाव असं काढता येत नाही. साइटवर बोज्यांची यादी दिसते. बोजा असलेल्या पार्टीबाबत भीती वेगळी असते, ती म्हणजे दिवाळखोरीची.

आणि तिथं राजपत्र तुम्हाला दगा देईल. कंपनी गुंडाळण्याचा, म्हणजे अवसायनाचा, आदेश न्यायाधिकरणानं कंपनी कायद्याखाली दिला तर निबंधक तो राजपत्रात जाहीर करतो, कलम २७७. त्याआधी अर्जाची जाहिरात सुनावणीच्या किमान १४ दिवस अगोदर वर्तमानपत्रांत येते. पण २०१६च्या शेवटापासून ‘कर्ज फेडता येत नाही’ हे कारण कंपनी कायद्यातून काढून दिवाळखोरी संहितेत नेलं आहे, आणि बुडणाऱ्या बहुतेक कंपन्या त्याच कारणानं बुडतात. संहितेतली जाहीर सूचना राजपत्रात येत नाही. ती वर्तमानपत्रांत आणि दिवाळखोरी मंडळाच्या ibbi.gov.in या साइटवर येते. हंगामी व्यावसायिक नेमला गेला की तीन दिवसांत सूचना, आणि त्याच्या नेमणुकीपासून १४ दिवसांत दावे मागवलेले असतात. उशीर झालेल्यांना कारवाई सुरू झाल्यापासून किमान ९० दिवसांपर्यंत वाव असतो. किमान एक कोटीच्या थकबाकीशिवाय अशी कारवाई सुरू करता येत नाही, म्हणजे आबांसारखा माणूस स्वतः कधीच करू शकणार नाही. पण बँकेनं अथवा मोठ्या सूतवाल्यानं केली तर त्यात स्वतःचा दावा नक्की लावू शकतो. फक्त त्याला कळायला हवं. राजपत्रावर विसंबलेल्याला ते कळत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका पाहुण्यांनी मला लंडन गॅझेट दाखवलं होतं. १६६५पासून निघणारं पत्र, आणि त्यात कंपनीच्या क्रमांकानं शोधता येतं, अमुक कंपनीबद्दल काही छापून आलं तर ईमेल मागवता येतो, आणि नाव काढण्याच्या पहिल्या सूचनेनंतर किमान दोन महिने थांबावं लागतं. आपल्याकडे १९५६च्या जुन्या कायद्यात ही मुदत तीन महिन्यांची होती. साप्ताहिक राजपत्राच्या भाग तीन, खंड एकमध्ये एकेका कंपनीची स्वतंत्र चौकट यायची. आता तीस दिवस आणि शेकडोंचा तक्ता. यात देणेकऱ्याची सोय वाढली असं मला तरी वाटत नाही.

आबांचा आक्षेप २ जूनला ईमेलनं गेला आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानंही. पंधरा दिवस शांतता. मग एका सकाळी आबांच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून संचालकाचा फोन आला. “अहो आबा, आपला घरचा व्यवहार, एवढं वरपर्यंत कशाला न्यायचं?” दीड लाखात मिटवा म्हणाला, वर आक्षेप मागे घेतल्याचं पत्र आधी मागितलं. आबांनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, पैसे खात्यावर आधी, पत्र नंतर, आणि तेही पूर्ण रकमेवर. एक लाख जूनच्या अखेरीस आले, दोन लाख गणपतीच्या आधी. ८४ हजार अजून बाकी आहेत, आणि पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये सही न करता पडून आहे. दर शनिवारी साइट उघडून पाहतो. स्थितीची ओळ अजून तीच आहे.